कागद थांबत नाही, पातं जुळवून घेतं

रिळावरच्या कागदाचे ताव कापणाऱ्या यंत्रात कागद मिनिटाला 120 मीटर, म्हणजे सेकंदाला 2 मीटर धावतो असं धरू. एवढं जड रीळ दर कापाला थांबवून पुन्हा पळवायला गेलं, तर कागदच तुटायचा. म्हणून कागद धावत राहतो आणि पात्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं.

पातं बसवलेलं असतं फिरत्या ड्रमवर. समजा ड्रमवर एकच पातं आहे आणि त्याच्या टोकाचा पूर्ण फेरा 600 मिमीचा आहे. टोकाचा वेग कागदाइतकाच ठेवला, तर दर 600 मिमीला काप पडेल. गिऱ्हाइकाला नेमका तेवढाच ताव हवा असेल तर काहीच करावं लागत नाही. पण त्याला हवा असतो 900 चा. ड्रम सरसकट हळू फिरवला तर लांबी बरोबर येईल. मात्र कापायच्या क्षणी पातं कागदापेक्षा संथ असेल आणि मागून येणारा कागद त्याच्यावर आदळून चुण्या पडतील. 300 च्या तावासाठी ड्रम सरसकट पळवला तर उलटं होतं, पातं कागदाला पुढे ओढून फाडतं. म्हणजे कापताना वेग सारखा हवा आणि लांबीचा हिशेब उरलेल्या फेऱ्यात चुकता करायला हवा.

हे काम पूर्वी लंबवर्तुळाकार दातेरी चाकांसारख्या यांत्रिक जुळण्या करत. आता सर्वो मोटरच्या कंट्रोलरमध्ये एक तक्ता असतो, तोच इलेक्ट्रॉनिक कॅम. कागदावर टेकलेलं एन्कोडरचं चाक कागद किती सरकला ते सांगतं आणि तेवढ्याला पातं किती अंशांवर हवं ते तक्ता सांगतो. या तक्त्यात वेळ कुठेच नाही, हीच त्यातली खुबी. कागद मंदावला की पातंही आपोआप मंदावतं.

900 चा ताव घेऊ. कापाच्या आसपासचे 60 अंश, म्हणजे फेऱ्यातले 100 मिमी, पातं आणि कागद एकाच वेगाने जातात. उरलेल्या भागात कागद 800 मिमी सरकतो, पात्याला मात्र 500 मिमीच जायचं असतं. सरासरी वेग कागदाच्या 0.625 पट झाला. पण वेग एकदम खाली आणून एकदम वर नेता येत नाही. तो कोसाइनच्या गुळगुळीत वळणाने उतरवला, तर मधल्या टप्प्यात पातं कागदाच्या जेमतेम पाव वेगाने, सेकंदाला अर्धा मीटर, फिरतं आणि पुन्हा वेग धरून कागदाला गाठतं. वळणाला टोक राहिलं तर प्रत्येक फेऱ्यात गिअरबॉक्सला हिसका बसतो आणि तो कानाला ऐकू येतो.

ताव 1100 मिमीचा झाला की याच वळणाचा तळ शून्याला टेकतो. त्याहून लांब तावाला हेच गणित ड्रमला क्षणभर उलटा फिरवू पाहतं! तिथे वळण बदलून पात्याला थोडा वेळ थांबवून ठेवतात. लांब ताव त्यामुळे फारसे छळत नाहीत.

छळतात ते आखूड. 300 च्या तावात कागद 200 मिमी सरकेपर्यंत पात्याला तेच 500 मिमी जायचं असतं, तेही एक दशांश सेकंदात. टोकाचा वेग कागदाच्या चौपट, सेकंदाला 8 मीटरपर्यंत जातो. 900 च्या तावात टोकाचं कमाल त्वरण सुमारे 12 मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, इथे ते 188 होतं, म्हणजे सोळापट. ड्रम फिरवायला लागणारा मोटरचा जोरही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्वरण वेगाच्या वर्गाने बदलतं, म्हणून 900 च्या तावाला पुरणारी मोटर 300 च्या तावासाठी कागद मिनिटाला 30 मीटरवर आणल्यावरच पुरते. ताव लहान केला आणि यंत्राची गती पडली, तर त्यात ऑपरेटरचा दोष नसतो. हलका ड्रम किंवा दोन पाती हा खरा उपाय.

छापील कागदावर आणखी एक अडचण येते. खुणेवरच कापायचं असतं, पण कागद किंचित ताणतो. फोटोसेन्सर खूण टिपतो आणि चुकलेलं अंतर दुरुस्त केलं जातं, तेही फक्त पातं कागदापासून दूर असताना. ऐन कापाच्या वेळी दुरुस्ती घुसली तर जुळवलेला वेग बिघडतो.

एन्कोडरचा आकडा मोटरपर्यंत पोचायला 1 मिलिसेकंद लागला, तरी तेवढ्यात कागद 2 मिमी पुढे गेलेला असतो. ही चूक ओळखणं सोपं आहे. स्थिर वेगात तावाची लांबी बरोबर येते, पण काप खुणेपासून सरकलेला असतो आणि यंत्राचा वेग निम्मा केला की ते सरकणंही निम्मं होतं. वेग बदलूनही फरक तेवढाच राहिला, तर सेन्सर आणि पातं यांच्यातलं कंट्रोलरमध्ये भरलेलं अंतर चुकलं आहे, ते आधी तपासावं.