सुरक्षा मंजुरी आणि नैसर्गिक न्याय (कोकण किनारा)

ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याला कारण कळावे आणि बाजू मांडता यावी, ही नैसर्गिक न्यायाची किमान मागणी. न्हावाशेवाचे बंदर, मुंबईचा विमानतळ किंवा केबल वितरण अशा कामांत मात्र सुरक्षा मंजुरी लागते. ती गुप्तचर अहवालांवर ठरते आणि अर्जदाराला ते अहवाल दिसत नाहीत. या किनाऱ्यावर अशी सावधगिरी निराधार म्हणता येत नाही: १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरवली गेली होती.

मुंबईच्या डिजी केबल नेटवर्कचे प्रकरण बोलके आहे. गृह मंत्रालयाने मंजुरी नाकारल्यामुळे माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१४ मध्ये कंपनीची केबल वितरणाची परवानगी रद्द केली. आधी नोटीस मिळाली नाही, ही कंपनीची तक्रार मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारने सादर केलेले टिपण वाचून, अशा परिस्थितीत पूर्वसूचनेचा हक्क नाही, असे ठरवले. ते टिपण कंपनीला दिसले नाही. जे वाचलेच नाही ते खोडणार कसे, ही अडचण तशीच राहिली.

या अडचणीला ५ एप्रिल २०२३ च्या ‘मीडिया वन’ निकालाने हात घातला. या मल्याळम वृत्तवाहिनीला मिळालेल्या नोटिशीत मंजुरी नाकारल्याचे होते, पण का ते नव्हते. केरळ उच्च न्यायालयाने सरकारने सीलबंद लिफाफ्यात दिलेली, वाहिनीला न दाखवलेली कागदपत्रे पाहून सरकारची बाजू उचलून धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले, की ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द उच्चारल्याने न्यायालयीन तपासणी थांबत नाही. धोका असल्याचे दाखवणारी सामग्री खरोखर आहे का आणि गुप्ततेमुळे होणारे नुकसान प्रमाणात आहे का, हे न्यायालय पाहील. गृह मंत्रालयाचे सगळेच अहवाल गोपनीय, हा दावा टिकला नाही. खबऱ्याचे नाव किंवा माहितीचा मार्ग झाकून उरलेला भाग देता येतो, किंवा निदान गोषवारा देता येतो. सरकारने गोपनीयतेचा दावा केला, तर त्याची छाननी करताना न्यायालय न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमू शकते. तो कागद पाहतो आणि अर्जदाराच्या हिताने युक्तिवाद करतो, पण मजकूर त्याला अर्जदारापुढे उघड करता येत नाही. ही सोय उपयोगी आहे, तरी अपुरी. अमुक तारखेला आपण कुठे होतो, हे स्वतः अर्जदारच सांगू शकतो.

मुंबई विमानतळावरही सेवा देणाऱ्या, मूळच्या तुर्की असलेल्या चेलेबी समूहाची मंजुरी मे २०२५ मध्ये काढली गेली. जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सीलबंद सामग्री पाहून त्यांच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे २०२३ नंतरही लिफाफा वापरातून गेलेला नाही. अशा वेळी अर्जदाराने केवळ ‘नोटीस मिळाली नाही’ एवढ्यावर थांबू नये. कोणता भाग झाकून उरलेला मला देता येईल, गोषवारा का देत नाही आणि न्यायमित्र का नेमू नये, हे याचिकेतच विचारावे.