उतारावरच्या जमिनीचे क्षेत्र

सातबाऱ्यावर लिहिलेले क्षेत्र जमिनीच्या पृष्ठभागाचे नसते. ती जमीन वरून सरळ खाली पाहिली तर सपाट कागदावर जेवढी दिसेल, तेवढे ते असते. माळावर या दोहोंत फरक पडत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर या सातारा जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत मात्र फरक काही गुंठ्यांवर जातो आणि खरेदीच्या वेळी वादाचे कारण होतो.

पाटणच्या बाजूचा एक आयताकृती तुकडा उदाहरणादाखल घेऊ. घेणाऱ्याने टेप जमिनीला टेकवून मोजली. उताराला आडवी रुंदी ५० मीटर आणि वरून खाली लांबी ८० मीटर भरली. गुणाकार ४,००० चौरस मीटर, म्हणजे ४० आर. सातबाऱ्यावर मात्र ३६ आर. विकणाऱ्याला वाटते, आपली चार आर जमीन नोंदीतून सुटली. घेणाऱ्याला वाटते, चार आर फुकट मिळाले. दोघांचाही समज चुकीचा आहे. उतार २६ अंशांचा आहे आणि २६ अंशांचा कोसाइन ०.८९९ येतो. म्हणून ८० मीटरची तिरकी लांबी नकाशावर ७१.९ मीटर होते. तिला ५० ने गुणले की ३,५९५ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३६ आर. रुंदी जशीच्या तशी राहते, कारण ती उताराला आडवी, एकाच उंचीवर मोजलेली आहे.

उलट बाजूने, नकाशावरच्या क्षेत्राला उतारकोनाच्या कोसाइनने भागले की प्रत्यक्ष पृष्ठभाग मिळतो. १० अंशांवर वाढ जेमतेम दीड टक्का, २० अंशांवर सहा टक्क्यांच्या वर, ३० अंशांवर साडेपंधरा टक्के आणि ४५ अंशांवर एक्केचाळीस टक्के. सौम्य उतारावर हा हिशेब सोडून दिला तरी चालते.

कोन मोजायला महागडे यंत्र लागत नाही. दोन मीटरची सरळ काठी घ्यावी, तिचे एक टोक जमिनीला टेकवावे, काठी लेव्हलच्या बुडबुड्यावर आडवी धरावी आणि दुसऱ्या टोकावरून ओळंबा सोडावा. ओळंबा जमिनीला लागेपर्यंतची दोरी ९७–९८ सेंटिमीटर भरली तर उतार २६ अंश. काठी मात्र पाणी वाहून जाते त्याच दिशेने धरायला हवी. ती ४५ अंशांनी तिरपी धरली तर कोन १९ अंशच दिसतो आणि वरच्या तुकड्याचा पृष्ठभाग ४० ऐवजी ३८ आर निघतो. कोन वाचण्यातली दोन अंशांची चूकही २६ अंशांजवळ पावणेदोन टक्क्यांचा फरक करते. १० अंशांजवळ तीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते.

सह्याद्रीचा काळा पाषाण थरांचा असल्याने डोंगराची बाजू सलग तिरकी नसते. कडा, मग सौम्य पट्टा, पुन्हा चढ, अशी असते. अशा जागी सरासरी कोन धरू नये. नकाशावर २० आर १५ अंशांचे आणि २० आर ३५ अंशांचे असतील, तर वेगवेगळा हिशेब ४५.१ आर देतो. २५ अंशांची सरासरी धरली तर ४४.१ आरच येतात. उतार जिथे बदलतो तिथे तुकडा पाडून मोजणे हाच खरा मार्ग. दगडधोंड्यांचा खडबडीतपणा या सूत्रात धरलेला नसतो.

जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत. तिचा चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. उतारावर ही साखळी जमिनीवर टाकत नसत. थोडी-थोडी लांबी आडवी ताणून, टोकाला ओळंबा सोडून, पायरी-पायरीने खाली उतरत. आजचे मोजणी यंत्र हेच रूपांतर आपोआप करते. सपाट क्षेत्रच नोंदवायचे कारण साधे आहे: शेजारच्या गटांचे नकाशे एकमेकांना जुळले पाहिजेत, आणि तिरकी मापे कागदावर जुळत नाहीत.

व्यवहारात दोन्ही क्षेत्रे लागतात, फक्त वेगवेगळ्या कामांना. पाऊस सरळ पडतो असे धरले तर तुकड्यावर येणारे पाणी ३६ आरवरचेच. आंब्याची कलमेही उभी वाढतात, म्हणून त्यांची संख्या सपाट अंतरावर ठरवावी. गवताचे बी किंवा माती धरून ठेवणारी काथ्याची जाळी मात्र ४० आरच्या हिशेबाने आणावी लागते. कुंपणाच्या तारेला परिमिती लागते: नकाशावरून २४४ मीटर, प्रत्यक्षात २६०. पाच पदरी कुंपणाला ८० मीटर तार कमी पडते.

डोंगर फोडून भाताची खाचरे केली की वाढीव क्षेत्र बांधांच्या उभ्या अंगावर जाते. पेरता येणाऱ्या सपाट पट्ट्यांची बेरीज नकाशावरच्या ३६ आरपेक्षा जास्त होऊ शकत नाही. बांधाची जाडी वजा केली की ती आणखी कमीच भरते.