सेल्फी, ब्युटी फिल्टर आणि चेहरा (महाविद्यालयीन व्याख्यान)

ब्युटी फिल्टरमुळे होणारी तुलना आणि चेहऱ्याचे खरे रूप यांवर कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी घेतले जाणारे छोटे व्याख्यान. ठाण्यातील महाविद्यालयांत ते एका तासात बसते. ‘तुम्ही आहात तसेच छान आहात’ एवढेच सांगितले तर वर्ग ऐकून घेतो आणि विसरतो. म्हणून निम्मा वेळ कॅमेरा चेहऱ्याचे काय करतो हे दाखवण्यात घालवावा.

प्रात्यक्षिकासाठी वक्त्याने स्वतःचाच चेहरा वापरावा. विद्यार्थ्याला पुढे बोलावले की मागच्या बाकावरून नाकावर शेरा येतो आणि तो वर्षभर चिकटतो. फोनचा मागचा कॅमेरा घ्यावा, ब्युटी मोड बंद करावा, प्रकाश बदलू नये. पहिला फोटो नाकापासून ३० सेंटिमीटरवरून, दुसरा दीड मीटरवरून कोणाकडून तरी काढून घ्यावा. दुसरा फोटो कापून चेहरा पहिल्याइतका मोठा केला आणि दोन्ही शेजारी लावले, की पहिल्यात नाक फुगलेले आणि कान मागे दडलेले दिसतात.

कारण साध्या गणितात आहे. नाकाचा शेंडा कानाच्या पुढे सुमारे १२ सेंटिमीटर असतो असे धरू. जवळच्या फोटोत नाक ३० आणि कान ४२ सेंटिमीटरवर, म्हणजे नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठे उमटते. लांबच्या फोटोत १५० आणि १६२, म्हणजे जेमतेम १.०८ पट. फरक सुमारे ३० टक्क्यांचा. २०१८ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी मांडलेल्या गणिती प्रारूपातही नाकाच्या रुंदीतली वाढ जवळपास एवढीच निघाली होती.

इथे वर्गाला थोडा वेळ द्यावा, कारण खरी गोम पुढेच आहे. फिल्टर हेच फुगलेले नाक बारीक करतो. मग मुलगी फिल्टरचा फोटो आणि बिनफिल्टरची सेल्फी यांची तुलना करते आणि सेल्फीतले नाक ‘खरे’ धरून खट्टू होते. कॅन्टीनमध्ये समोर बसलेल्या मैत्रिणीला मात्र यांतला एकही चेहरा दिसत नसतो.

फिल्टर ओळखायचा तर आधी त्वचा पाहावी. गुळगुळीत करणारा फिल्टर भुवया आणि ओठांच्या कडा शाबूत ठेवून मधली रंध्रे पुसतो, त्यामुळे गाल सपाट आणि पापण्या मात्र रेखीव दिसतात. गाल किंवा कंबर दाबून बारीक केली असेल तर मागची खिडकीची ग्रील तिथेच वाकते. व्हिडिओत चेहऱ्यासमोरून हात फिरवला की साधा फिल्टर क्षणभर घसरतो, नवे बरेचदा घसरत नाहीत. तेव्हा काहीच खूण सापडली नाही, म्हणून फोटो अस्सल ठरत नाही.

एखादा विद्यार्थी दिसण्याच्या काळजीने रोज तासन्‌तास आरशासमोर अडकत असेल किंवा वर्ग टाळत असेल, तर हे प्रात्यक्षिक त्याला पुरत नाही. ती शरीररूपाची व्याधी असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. अशांसाठी कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा.