आजोबांचा पेला आणि पुस्तकातलं माप

मूलतत्त्ववाद म्हणजे जास्त प्रमाणातली भक्ती, असं अनेकदा म्हटलं जातं. ते किती खरं, हे एका पेल्याच्या गोष्टीतून बघू. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यू घरात द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. पेल्यात किमान किती द्राक्षारस हवा, हे तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रीय ग्रंथात सांगितलंय: साधारण दीड अंड्याइतका. तेच माप अंगठ्याच्या रुंदीवरूनही काढता येतं.

अठराव्या शतकात प्रागचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, येहेझकेल लँडाऊ यांनी दोन्ही मापं ताडून पाहिली. अंगठ्याचं माप अंड्याच्या जवळजवळ दुप्पट भरलं. माणसांचे अंगठे काही मोठे झाले नसणार, म्हणजे कोंबडीची अंडीच निम्म्यावर आली असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्या हिशेबाने घरोघरचे पेले लहान ठरत होते. काही मोठ्या पंडितांनी त्यांना दुजोराही दिला, पण बहुतेक घरांत वाडवडिलांचाच पेला चालू राहिला. ती माणसं कमी श्रद्धाळू नव्हती. बापाने ज्या पेल्यातून आशीर्वाद घेतला तो चुकीचा असेल, हे त्यांच्या मनातही येत नव्हतं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू तेल्यांनीही असाच, घरात बघून बघून, शनिवारी घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं.

विसाव्या शतकात पूर्व युरोपातलं ते घरगुती जग मोडलं. शहरं, सरकारी शाळा, स्थलांतर आणि शेवटी साठ लाख ज्यूंची हत्या. बघून शिकायचं, तर बघायला आजोबाच उरले नाहीत. राहिली ती छापील पुस्तकं. याच काळात इस्रायलमधल्या बने ब्राक गावचे रब्बी कारेलित्झ, म्हणजे ‘हझोन इश’, यांनी मोठ्या मापाचा पुरस्कार केला: सुमारे 150 मिलिलीटर. जेरुसलेमचे रब्बी नाए यांचं प्रचलित माप 86 होतं. या वेळी मात्र कर्मठ घरांतल्या अनेकांनी मोठा पेला घेतला.

इतिहासकार हाइम सोलोवेचिक यांनी 1994 च्या एका निबंधात हा बदल उलगडून दाखवला. मला त्यातलं कळीचं वाटतं ते हे, की हिशेब लँडाऊंचा, जुनाच होता. बदलली होती ती माणसांची परंपरेवरची भिस्त. ‘आमच्यात असंच करतात’ हे उत्तर आता पुरेना. पुस्तकाशी जुळलं नाही, तर आजोबा चुकले. जुनं जपायला निघालेला माणूस इथे जुन्यालाच तपासायला लागतो, आणि तेही छापखाना, शाळा आणि मिलिलीटर या आधुनिक साधनांनी. म्हणून मूलतत्त्ववादाला ‘जास्त प्रमाणातली भक्ती’ म्हणणं मला चूक वाटतं. कोण किती वेळा प्रार्थना करतो, यावरून तो ओळखता येत नाही.

मात्र मोठा पेला घेणारा प्रत्येक जण मूलतत्त्ववादी नसतो, हिंसक तर नाहीच. शिवाय ‘फंडामेंटलिस्ट’ हा मूळ शब्दच अमेरिकेतल्या प्रोटेस्टंटांनी 1920 मध्ये स्वतःसाठी वापरलेला. तो ज्यूंना लावावा का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. या कर्मठ घरांतल्या कित्येकांना तर आपण काही नवं केलं असं वाटतच नाही. त्यांच्या लेखी मोठा पेलाच मूळचा.