२६ इलेक्ट्रॉनांचा हिशेब

लोह-५६ या अणुकेंद्राची प्रति न्यूक्लिऑन, म्हणजे केंद्रातील दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनामागची, बंधनऊर्जा काढताना अनेक विद्यार्थ्यांचे उत्तर ८.५५ एमईव्ही येते. खरे उत्तर ८.७९ आहे आणि या लहानशा फरकाचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते.

लोहाच्या केंद्रात २६ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉन असतात. हे ५६ कण सुटे असताना त्यांचे जे एकूण वस्तुमान भरते, त्यापेक्षा ते एकत्र बांधलेल्या केंद्राचे वस्तुमान कमी असते. ही वस्तुमानातील तूट ऊर्जेच्या एककात मांडली की केंद्र पूर्णपणे सुटे करण्यासाठी बाहेरून किती ऊर्जा द्यावी लागेल ते कळते. म्हणजे बंधनऊर्जा हा केंद्रात साठवलेला खजिना नसून ते फोडण्यासाठी मोजावी लागणारी किंमत आहे.

आता गोम पाहू. तक्त्यात लोहाचे ५५.९३४९३६ अणुवस्तुमान एकक हे जे वस्तुमान दिलेले असते, ते केंद्राचे नसून संपूर्ण अणूचे असते, म्हणजे त्यात २६ इलेक्ट्रॉनही मोजलेले असतात. सुट्या कणांच्या बेरजेत नुसत्या प्रोटॉनांचे वस्तुमान (१.००७२७६) धरून त्यातून हे वस्तुमान वजा केले, तर एका बाजूला इलेक्ट्रॉन आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, अशी स्थिती होते. उपाय सोपा आहे: प्रोटॉनऐवजी हायड्रोजन अणूचे वस्तुमान (१.००७८२५) घ्यावे. प्रत्येक हायड्रोजनासोबत एक इलेक्ट्रॉन येतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे २६ इलेक्ट्रॉन परस्पर कटतात.

२६ × १.००७८२५ = २६.२०३४५०
३० × १.००८६६५ = ३०.२५९९५०
बेरीज = ५६.४६३४००
तूट = ५६.४६३४०० − ५५.९३४९३६ = ०.५२८४६४ एकक

एक अणुवस्तुमान एकक म्हणजे ९३१.५ एमईव्ही, म्हणून एकूण बंधनऊर्जा ४९२.२६ एमईव्ही होते आणि तिला ५६ ने भागल्यावर ८.७९ मिळते. चुकलेल्या रीतीने ती ४७८.९७ येते. दोहोंतील फरक सुमारे १३.३ आहे आणि २६ इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, म्हणजे २६ × ०.५११, बरोबर तितकीच भरते. उत्तर इतक्याने कमी आले, तर चूक कुठे झाली हे शोधत बसावे लागत नाही. इलेक्ट्रॉन अणूला बांधून ठेवणारी ऊर्जा या हिशेबात आपण सोडून दिली, पण ती केंद्राच्या बंधनऊर्जेच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने काही बिघडत नाही.

दशांश स्थळे मात्र सोडून चालत नाही. सर्व वस्तुमाने तीन स्थळांपर्यंत पूर्णांकित करून हेच गणित केले, तर उत्तर ९.०३ येते, कारण प्रत्येक कणामागची बारीक चूक ५६ कणांमध्ये साचत जाते आणि मग ९३१.५ ने गुणली जाते. कोणत्याही ज्ञात केंद्रासाठी हा आकडा ८.८ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ९.०३ पाहताच शंका यायला हवी. त्या कमाल मूल्याचा मानही, सर्रास सांगितले जाते तसा, लोहाकडे नाही. निकेल-६२ चे अणुवस्तुमान ६१.९२८३४५ घेऊन याच रीतीने ८.७९५ येते, तर लोह-५६ चे ८.७९० आहे.