व्हिएतनामी जन्मदाखला अमेरिकेच्या अर्जासाठी: भाषांतराला देण्याआधी वाचा

नोकरीनिमित्त व्हिएतनाममध्ये राहिलेल्या, तिथे लग्न किंवा मूल झालेल्या आणि आता अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज करणाऱ्या कुटुंबांसाठी हे पत्रक आहे.

सर्वांत आधी नोटरीबद्दल. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला नोटरी लागत नाही. त्यांना हवं असतं ते पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि सोबत भाषांतरकाराचं सहीचं निवेदन. निवेदनात दोन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि व्हिएतनामीतून इंग्रजीत भाषांतर करण्याची आपली पात्रता आहे. खाली नाव, सही, पत्ता, तारीख. व्हिएतनाममधल्या नोटरी कार्यालयाचा शिक्का मारलेलं भाषांतर तुमच्याकडे आधीच असेल, तर शिक्क्यावर समाधान मानू नका. ही दोन वाक्यं त्यात इंग्रजीत आहेत का ते पाहा. पात्रतेचं वाक्य नसेल तर शिक्का कितीही लाल असला तरी उपयोग नाही. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला दोन्ही असतील तर आम्ही प्रत्येकाला वेगळं निवेदन जोडतो, म्हणजे कागद इकडेतिकडे झाले तरी अडत नाही.

कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे आहेत. कॅनडाला अर्जदाराने किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं भाषांतर चालतच नाही. म्हणून कुठल्या देशासाठी हवं आहे ते आधी सांगा.

आता दाखल्याकडे. समजा वडील पुण्याचे, आई व्हिएतनामी, मुलगी हो ची मिन्ह सिटीच्या तेव्हाच्या सातव्या जिल्ह्यात जन्मलेली, आणि जन्मतारखेपुढे ०५/०८/२०१९ छापलंय. व्हिएतनाममध्ये आपल्यासारखाच आधी दिवस, मग महिना. पण अमेरिकन अधिकारी हे ८ मे असं वाचेल. म्हणून भाषांतरात महिना नेहमी अक्षरांत लिहायचा: ५ ऑगस्ट २०१९. खात्री करायला दाखल्यातच सोय आहे, कारण तारीख खाली अक्षरांतही दिलेली असते: ‘ङाय नाम थांग ताम नाम...’. यातला पहिला ‘नाम’ म्हणजे पाच आणि दुसरा ‘नाम’ म्हणजे वर्ष. दोन्हींचं लेखन अगदी एकच. नवखा भाषांतरकार इथेच अडखळतो.

आईच्या नावातल्या अक्षरांवर उच्चाराच्या खुणा असतात, पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत नसतात. भाषांतरात आम्ही नाव पासपोर्टप्रमाणे बिनखुणांचं लिहितो, पण क्रम दाखल्यातलाच ठेवतो: आडनाव आधी, स्वतःचं नाव शेवटी. क्रम आपल्या सोयीने फिरवला की मूळ कागद आणि भाषांतर जुळत नाही. आडनाव कोणतं ते भाषांतरकाराच्या टिपेत सांगता येतं. लग्नानंतर व्हिएतनामी बाई सहसा माहेरचंच आडनाव ठेवते, तेव्हा दोन्ही दाखल्यांत आईचं आडनाव वडिलांपेक्षा वेगळं दिसलं तर ती चूक नव्हे. ‘दुरुस्त’ करायला सांगू नका.

पत्त्याबाबतही तसंच. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्हा हा प्रशासनाचा स्तरच काढून टाकला आणि ६३ प्रांत-शहरांची संख्या ३४ वर आणली. सातवा जिल्हा आता कागदोपत्री नाही. तरी २०१९ च्या दाखल्यात जे छापलं आहे तेच भाषांतरात येईल. मात्र दाखल्याची नवी प्रत आता मागवली, तर त्यावर आजच्या कार्यालयाचं नाव आणि शिक्का असेल. अर्जासोबत जुना दाखलाही जोडणार असाल तर हा फरक टिपेत नोंदवून घ्या.

सहीच्या जागी ‘के. टी.’ अशी दोन अक्षरं आणि त्यापुढे स्थानिक जन समितीचे अध्यक्ष, खाली उपाध्यक्ष असं असतं. अर्थ एवढाच की अध्यक्षांच्या वतीने उपाध्यक्षांनी सही केली आहे. ती अक्षरं गाळली की एकाच माणसाला दोन पदं चिकटतात. गोल लाल शिक्का, सही आणि न वाचता येणारा मजकूर चौकोनी कंसात नोंदवायचा. वडिलांच्या वांशिक गटाची जागा रिकामी असेल तर भाषांतरातही रकाना ठेवून ती रिकामीच दाखवायची. ‘पूर्ण’ याचा अर्थ असा.

दाखल्याच्या मागची बाजू बहुतेक लोक पाठवतच नाहीत. नंतर झालेल्या बदलांच्या नोंदी तिथे असतात, नाव किंवा पालकांची माहिती बदलली असेल तर तीही. बाजू कोरी असली तरी तिचा स्कॅन पाठवा.

आम्हाला हवं ते असं: दोन्ही बाजूंचे रंगीत, चारही कडा दिसणारे स्कॅन, आई-वडील आणि मुलाच्या पासपोर्टचं नावाचं पान, आणि अर्जात नावं जशी टंकली असतील तशी. मूळ दाखला स्वतःकडेच ठेवा. अर्जासोबत त्याची छायाप्रत आणि भाषांतर जातं, मूळ कागद मुलाखतीला लागतो. लग्नाच्या दाखल्याच्या दोन मूळ प्रती मिळतात, नवऱ्याला एक आणि बायकोला एक. एक सापडत नसेल तर नवी प्रत मागवण्याआधी दुसऱ्याकडची शोधा.