घर विकून घर घेतलं तर कर नाही : कलम ५४ आणि रोख्यांच्या सवलतीची पार्श्वभूमी

घर विकून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकर लागतो, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. लियाकत अली खान यांनी १९४७ च्या अर्थसंकल्पात भांडवली नफ्यावरचा कर आणला आणि जॉन मथाई यांनी १९४९ मध्ये तो काढूनही टाकला. १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी भारताच्या करव्यवस्थेवर अहवाल दिला. त्यात हा कर पुन्हा लावण्याची शिफारस होती. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या खुर्चीवर आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारींनी वर्ष संपायच्या आत हा कर परत आणला. तेव्हापासून तो आहे.

कर आला तशी एक अडचणही आली. माणूस राहतं घर विकतो ते बहुधा दुसऱ्या घरासाठी. बदली होते, कुटुंब वाढतं, वडील गेल्यावर वाडा सांभाळणं जमत नाही. जुन्या घराची किंमत वाढलेली असते, पण नव्या घराचीही वाढलेलीच असते. कागदावर दिसणारा नफा हातात राहतच नाही. त्यावर कर घेतला तर त्याला पहिल्याहून लहान घर घ्यावं लागेल. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५४ या विचारावर उभं आहे.

त्याचा मूळ मजकूर आज वाचला तर किती आखूड होता ते कळतं. विकण्याआधीची दोन वर्षं त्या घरात करदाता स्वतः किंवा त्याचे आई-वडील प्रामुख्याने राहत असले पाहिजेत. नवं घरही स्वतः राहण्यासाठीच हवं. ते विक्रीच्या आधी किंवा नंतर एका वर्षात विकत घ्यायचं, बांधायचं असेल तर दोन वर्षांत बांधायचं. थोडक्यात, राहत्या घराच्या बदल्यात राहतं घर. भाड्याने दिलेला फ्लॅट विकणाऱ्याला यात जागा नव्हती.

पण ‘विकत घेणं’ म्हणजे काय, इथेही वाद झाले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं १९७९ चं एक प्रकरण आपल्या एकत्र कुटुंबांना जवळचं वाटावं असं आहे. चार भावांचं सामाईक घर होतं. थोरल्याने आपलं दुसरं घर विकलं आणि तिघा भावांना प्रत्येकी ३० हजार रुपये देऊन सामाईक घरातले त्यांचे हिस्से हक्कसोडपत्राने स्वतःकडे घेतले. आयकर खात्याचं म्हणणं असं की ही खरेदी नाही, हा घरगुती हक्कसोड आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. किंमत मोजून हिस्सा घेतला की ती खरेदीच, मग कागदाचं नाव काहीही असो. वडिलोपार्जित घरात भावंडांचे हिस्से पैसे देऊन घेणाऱ्यांना हा निकाल आजही उपयोगी पडतो.

१९८२ च्या वित्त कायद्याने मात्र कलमाचा स्वभावच बदलला. स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या राहण्याची अट गेली. विकलेलं घर राहण्याजोगं आणि दीर्घ मुदतीचं असलं की पुरे झालं, मग त्यात भाडेकरू असला तरी चालेल. त्याच कायद्याने ५४ एफ हे शेजारचं कलमही आणलं. भूखंड किंवा इतर मालमत्ता विकून घर घेणाऱ्यासाठी ते आहे. दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि लोकांचा घोटाळा तिथेच होतो. ५४ मध्ये फक्त नफ्याएवढी रक्कम नव्या घरात गुंतवली की पूर्ण सूट मिळते, ५४ एफ मध्ये मात्र विक्रीची सगळी निव्वळ रक्कम गुंतवावी लागते. माझ्या मते मूळ ‘घराच्या बदल्यात घर’ हा हेतू १९८२ लाच सुटला आणि पुढच्या बहुतेक अटी त्या ढिलाईला घातलेली ठिगळं आहेत.

पहिलं ठिगळ मात्र खात्याच्या कामकाजाच्या सोयीसाठी होतं. मुदत पुढे वाढत गेली, आज ती खरेदीसाठी विक्रीनंतर दोन वर्षं आणि बांधकामासाठी तीन वर्षं आहे. पण रिटर्न तर त्याच वर्षीचं भरायचं. घर घेण्याचा इरादा दाखवून सूट घेतली आणि पुढे घर घेतलंच नाही, तर जुनं करनिर्धारण पुन्हा उघडून दुरुस्त करावं लागे. १९८७ च्या वित्त कायद्याने यावर उपाय काढला आणि १९८८ मध्ये भांडवली नफा खाते योजना आली. रिटर्नच्या मुदतीपर्यंत जेवढी रक्कम घरात घातली नसेल तेवढी अधिकृत बँकेतल्या या विशेष खात्यात ठेवायची. ठेवलेली रक्कम खर्च झाल्याचं धरून सूट मिळते. खात्यातून काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठी वापरावे लागतात, आणि तीन वर्षांनंतर जे शिल्लक राहील ते त्या वर्षीचा नफा म्हणून करपात्र होतं.

सूट हातची जाते ती बहुतेकदा इथे. बचत खात्यात किंवा साध्या मुदत ठेवीत पैसे ठेवून माणूस घर शोधत बसतो. दीड वर्षाने घर घेतो, दोन वर्षांच्या आतच घेतो, आणि तरीही नोटीस येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ५४ एफ च्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. रिटर्नच्या मूळ मुदतीपर्यंत जी रक्कम बिल्डरला दिली नाही आणि विशेष खात्यातही ठेवली नाही, तेवढ्या भागाची सूट गेली. गुवाहाटी आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी याआधी उशिरा भरायच्या रिटर्नची मुदत धरून करदात्याला दिलासा दिला होता. ते निकाल दाखवून महाराष्ट्रात किंवा गोव्यात वाद घालता येईल, पण इथल्या अधिकाऱ्याला मुंबईचा निकाल पाळावाच लागतो.

रोख्यांची कथा वेगळ्या घरातून आली आहे. तिथे करदात्याच्या निवाऱ्याचा विचार नव्हता, सरकारला प्रकल्पांसाठी पैसा हवा होता. १९७७ च्या कायद्याने कलम ५४ ई आणलं. मालमत्ता विकून आलेली रक्कम बँकेतल्या तीन वर्षांच्या ठेवीत किंवा सरकारने ठरवलेल्या साधनांत घातली की सूट. १९९२ मध्ये ते बंद झालं, १९९६ मध्ये ५४ ईए आणि ५४ ईबी या नव्या रूपांत परत आलं, आणि २००० मध्ये यशवंत सिन्हांच्या अर्थसंकल्पाने त्या दोघांच्या जागी ५४ ईसी आणलं. विक्रीनंतर सहा महिन्यांत ठरावीक रोखे घ्यायचे, तीन वर्षं ठेवायचे. सुरुवातीला यादीत नाबार्डही होती, २००६ मध्ये महामार्ग प्राधिकरण आणि ग्रामीण विद्युतीकरण निगम एवढ्या दोनच संस्था उरल्या.

तेव्हा उलटीच अडचण झाली. रोखे मोजके आणि घेणारे फार. बड्या करदात्यांनी मोठे गठ्ठे उचलले की लहानांना काहीच उरत नसे. म्हणून २००७ पासून एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला ५० लाखांची मर्यादा आली. ‘एका आर्थिक वर्षात’ या शब्दांतली फट सीए मंडळींना दिसायला वेळ लागला नाही. ऑक्टोबरनंतर घर विकलं की सहा महिन्यांची मुदत ३१ मार्चच्या पलीकडे जाते. मग ५० लाख मार्चमध्ये, ५० लाख एप्रिलमध्ये. आधीच्या व्यवहारांत हे कायद्याच्या शब्दांत बसतं असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, पण २०१४ च्या अर्थसंकल्पातच सरकारने पुढच्यासाठी फट बुजवली होती. आता एका विक्रीसाठी दोन्ही वर्षं मिळून ५० लाखच. २०१८ मध्ये रोखे धरून ठेवायची मुदत पाच वर्षं झाली आणि सवलत फक्त जमीन व इमारतीच्या नफ्यापुरती राहिली.

२०१४ मध्येच घराच्या कलमातही दोन शब्द आवळले गेले. ‘अ रेसिडेन्शियल हाऊस’ यातल्या ‘अ’ चा अर्थ एकाहून जास्त असाही होतो, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाने लंडनमधल्या घरालाही सूट दिली होती. आता शब्द झाले ‘भारतातलं एक घर’. दादरचा फ्लॅट विकून न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी माणसाची वाट तिथे बंद झाली. २०१९ मध्ये त्याला छोटा अपवाद मिळाला. नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरं घेता येतात, तीही भारतातच. आई-वडिलांचं घर विकून दोन मुलांना वेगवेगळी घरं घेणाऱ्या कुटुंबांची सोय झाली. २०२३ मध्ये वरचं टोक कापलं गेलं. नवं घर कितीही महाग असो, १० कोटींपुढची किंमत सुटीसाठी धरत नाहीत.

२३ जुलै २०२४ पासून हिशोबाची पद्धतच बदलली, ती एका उदाहरणात पाहू. पुण्यातला फ्लॅट २००८-०९ मध्ये ३० लाखांना घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १ कोटी ४० लाखांना विकला. महागाई निर्देशांक खरेदीच्या वर्षी १३७, विक्रीच्या वर्षी ३७६. जुन्या पद्धतीने खरेदीची किंमत वाढून ८२.३४ लाख होते, नफा ५७.६६ लाख आणि दर २० टक्के. नव्या पद्धतीत महागाईची वजावट नाही, नफा १ कोटी १० लाख आणि दर साडेबारा टक्के. विकणाऱ्याने दुसरं घर घेतलं नाही, मार्च २०२६ च्या सुरुवातीलाच ५० लाखांचे रोखे घेतले. नव्या पद्धतीने ६० लाख उरतात, कर साडेसात लाख. जुन्या पद्धतीने ७.६६ लाख उरतात, कर सुमारे १ लाख ५३ हजार, सेस वेगळा.

पहिल्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात जुनी पद्धत पूर्ण गेली होती. ओरड झाल्यावर काही दिवसांत दुरुस्ती आली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी नव्या पद्धतीचा कर जुन्याहून जास्त झाला, तर जास्तीचा भाग सोडून द्यायचा. म्हणून या माणसाला दीड लाखाच्या आसपासच भरावे लागतील. पण ही मुभा निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाच आहे. हाच फ्लॅट दुबईत किंवा शिकागोत राहणाऱ्या अनिवासी मुलीच्या नावावर असेल तर तिला साडेसात लाख लागतात. तिने फ्लॅट कधीही घेतलेला असला तरी फरक पडत नाही.

रोख्यांवर अलीकडे सव्वापाच टक्के व्याज मिळतं आणि ते करपात्र असतं. वर पाच वर्षं पैसा अडकतो. शिवाय ५० लाखांपुढे रोखे घेता येत नाहीत. मग १ लाख ५३ हजारांचा कर वाचवण्यासाठी उरलेल्या ७.६६ लाखांचं घर शोधण्यापेक्षा कर भरलेला बरा, असा हिशोब बरेच जण करतात. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या आयकर कायद्यात ५४ आणि ५४ ईसी ही कलमं ८२ आणि ८५ या क्रमांकांनी आली आहेत. क्रमांक बदलले, वर सांगितलेल्या मुदती आणि मर्यादा त्याच राहिल्या.